काकांना सांगा, पण गटात नको

काकांनी घरच्या व्हॉट्सअ‍ॅप गटात पुण्यातल्या एकता नगरीत पाणी शिरल्याचा जुलै 2024 मधला व्हिडिओ ‘आत्ताचा’ म्हणून पाठवला असला, तरी त्याखाली ‘हे खोटे आहे’ असे लिहू नका. सुना-जावयांसमोर चूक दाखवली की ज्येष्ठ माणूस बातमीची नव्हे, तर स्वतःच्या मानाची बाजू लढवू लागतो.

त्यांना फोन करा, तब्येतीची चौकशी करा आणि मग म्हणा, “काका, तो व्हिडिओ 2024 चा आहे, पण सिंहगड रस्त्यावरची आत्या पाहून घाबरली. तुम्हीच गटात तसे लिहिलेत तर तिचा जीव भांड्यात पडेल.” दुरुस्ती त्यांच्याच हातून झाली की त्यांचा मानही राहतो.

त्याच बोलण्यात एक खूण सांगा: संदेशावर दुहेरी बाण असेल तर तो अनेकांकडून फिरत आलेला असतो. तेवढ्यावरून तो खोटा ठरत नाही, मात्र खडकवासल्याच्या विसर्गाचा असेल तर आधी जलसंपदा विभागाची किंवा महापालिकेची सूचना पाहावी.

सुरुवातीला हे टाळा:
- मागच्या सगळ्या चुका एकदम उकरून काढणे.
- राजकीय संदेशांपासून सुरुवात करणे. आधी पूर, औषधे आणि पैसे यांबद्दलचेच संदेश घ्या, कारण तिथे घरच्यांचे खरे नुकसान होते.