दुधाच्या दाढेला फिलिंग की स्टीलची कॅप?

पाच वर्षांच्या मुलाची खालची पहिली दुधाची दाढ, कीड दोन दाढांच्या मधल्या फटीतून आत शिरलेली. इथे फिलिंगचा मोह टाळ. ही दाढ पडायला अजून चार-पाच वर्षं आहेत. एवढ्याशा दाढेत दोन बाजूंचं फिलिंग तेवढं टिकत नाही, कडेने तुटतं किंवा खालून पुन्हा किडतं. कीड फक्त वरच्या खाचेत असती, तर मीही फिलिंगच केलं असतं.

आधी एक्स-रे बघ. कीड आणि नस यांच्यामध्ये निरोगी दाताचा स्पष्ट पट्टा दिसला आणि रात्रीची ठणक, सूज, हिरडीवर पुळी यांतलं काही नसलं, तर हॉल पद्धतीने कॅप बसव. त्यात इंजेक्शन नाही, ड्रिलही नाही. कीड सीलबंद झाली की तिची वाढ थांबते. नस बिघडली असेल तर मात्र आधी तिचे उपचार.

फट घट्ट असेल तर तीन-चार दिवस आधी रबरी सेपरेटर घाल. कॅप निवडताना मुलाला ताठ बसव आणि घशाच्या बाजूला गॉज ठेव. निसटलेली कॅप श्वासनलिकेत जाऊ शकते. बसेल ती सर्वांत लहान कॅप घे, ग्लास आयोनोमर सिमेंटने पूर्ण भर, बोटाने दाब आणि मग मुलाला चावायला सांग. फटींतलं सिमेंट फ्लॉसने काढ.

हिरडी काही मिनिटं पांढरी पडते, चावा उंच लागतो. तो काही आठवड्यांत आपोआप बसतो, हे पालकांना आधीच सांग.