VLOOKUP कळलं, पण शीट कोरंच

प्रश्न : एक्सेलमधलं VLOOKUP शिकायचंय, म्हणजे कोड दिला की यादीतून त्याचा दर शोधून आणणारा फॉर्म्युला. यूट्यूबवर ढिगाने फुकट व्हिडिओ आहेत आणि सगळ्यांना भरपूर व्ह्यूज. त्यातला चांगला कसा ओळखायचा?

व्ह्यूज सोडून द्या. लाइक करणाऱ्याने नंतर स्वतः फॉर्म्युला लिहून पाहिला का, हे त्यावरून कळत नाही. मी व्हिडिओचा ट्रान्सक्रिप्ट उघडतो आणि शिकवणारा फॉर्म्युल्याच्या शेवटी येणाऱ्या FALSE बद्दल काय बोलतो, तेवढंच आधी शोधतो. ‘इथे FALSE टाकायचं, बस्स’ एवढ्यावर भागवलं असेल तर पुढचा व्हिडिओ बघतो.

कारण सांगतो. A2 ते A4 मध्ये मालाचे कोड 240, 180, 310 असे लिहा, B मध्ये त्यांचे दर 52, 35, 90. E2 मध्ये 240 टाका आणि FALSE न लिहिता हे करून बघा :

```
=VLOOKUP(E2,A2:B4,2)
```

उत्तर 35 येईल. यायला हवं होतं 52. FALSE म्हणजे अगदी तोच कोड शोध. ते नसलं की एक्सेल यादी चढत्या क्रमाने लावलेली आहे असं धरून चालतं आणि मधूनच शोधायला लागतं. मधला 180 हा 240 पेक्षा लहान, म्हणून ते खाली जातं. तिथला 310 मोठा, म्हणून परत 180 वर थांबतं. वरच्या 240 कडे ते बघतच नाही. लाल खूण नाही, एरर नाही, बिल मात्र चुकीच्या दराने निघतं. हा घोळ मुद्दाम करून दाखवणारा व्हिडिओ वीस मिनिटांचा असला तरी बघा.

दुसरी खूण म्हणजे पूर्ण व्हिडिओत एकदा तरी #N/A, म्हणजे ‘सापडलं नाही’ सांगणारी एरर, दिसते का. पहिल्या फटक्यात सगळं बरोबर येत असेल, तर त्याने डेटा आधीच घासूनपुसून ठेवलाय.

प्रश्न : बघताना सगळं कळतं. ऑफिसात कोरं शीट उघडलं की हात चालत नाही. तोच व्हिडिओ परत बघू का?

नको. कार्डास आणि ओब्रायन या संशोधकांनी 2018 मध्ये मूनवॉक, डार्ट फेकणं अशा गोष्टींवर प्रयोग केले होते. व्हिडिओ पुन्हा पुन्हा बघितल्याने लोकांचा आत्मविश्वास वाढला, जमणं वाढलं नाही. एक्सेलमध्येही तेच होतं. कुठली रेंज धरायची, कितवा कॉलम, हे सगळं ठरवतो शिकवणारा, आणि आपण नंदीबैलासारखी मान डोलावतो.

माझ्या क्लासमधल्या एका बाईंनी एक व्हिडिओ तीनदा बघितला होता. शीटवर पहिल्या ओळीत दर बरोबर आला, फॉर्म्युला खाली ओढल्यावर मात्र मध्येमध्ये #N/A. त्यांची रेंज A2:B4 होती. खालच्या ओळीत ती सरकून A3:B5 झाली, तिच्याही खाली A4:B6. वरचे कोड रेंजच्या बाहेर पडले. व्हिडिओतल्या माणसाने रेंज धरल्यावर F4 दाबलं होतं, त्याने ती $A$2:$B$4 अशी पक्की होते. पण तो तोंडाने काही बोलला नव्हता, आणि बोटं काही स्क्रीनवर दिसत नाहीत!

म्हणून त्याने ‘=’ टाइप केलं रे केलं की व्हिडिओ थांबवा. काय शोधायचं, कुठे शोधायचं, कितव्या कॉलममधून आणायचं आणि FALSE की TRUE, हे चारही कागदावर लिहा. मग पुढे चालवून ताडून बघा. जिथे फरक पडला तेवढाच तुकडा परत बघायचा. दुसऱ्या दिवशी व्हिडिओ न उघडता तेच कोऱ्या शीटवर करा, पण तुमच्या स्वतःच्या यादीवर, जिच्यात कोड A ऐवजी D मध्ये असेल.

प्रश्न : दुप्पट वेगाने बघितलं तर चालतं का?

ओळख करून देणारा भाग खुशाल पळवा. फॉर्म्युला सुरू झाला की नेहमीचा वेग. F4 दुप्पट वेगात कोणालाच दिसत नाही.

प्रश्न : जुना व्हिडिओ चालेल का? हल्ली XLOOKUP बद्दल ऐकतो.

चालेल, VLOOKUP बदललेलं नाही. XLOOKUP हे त्याच कामाचं नवं फंक्शन; ते एक्सेल 2021 पासून पुढे आणि Microsoft 365 मध्ये मिळतं आणि त्यात अचूक जुळणी आपोआप धरली जाते. पण ऑफिसात 2016 असेल तर तो व्हिडिओ बघून उपयोग नाही. आधी आपलं व्हर्जन बघा.

प्रश्न : व्हिडिओखाली दिलेली सरावाची फाइल पूर्ण सोडवली. आता पुढे काय?

ती फाइल बिघडवा. एका कोडच्या आधी ' टाकून तो आकड्याचा टेक्स्ट करा. एका नावाच्या शेवटी स्पेस द्या. दोन्हीकडे #N/A येईल, कारण डोळ्याला सारखं दिसणारं एक्सेलला सारखं नसतं. टेक्स्ट झालेला आकडा सेलमध्ये डावीकडे सरकतो, त्यावरून सापडेल. नावाचं तसं नाही; तिथे =LEN(A2) लिहा. ‘साखर’ला जेवढा आकडा येतो त्याहून एक जास्त आला की शेवटी स्पेस लपलीय, ती TRIM ने काढायची.