पहाटे उठणारे बाबा, रात्री जागणारा मुलगा आणि जिनिंगची पहिली पाळी

प्रश्न: "दारव्हा तालुक्यात राहतो, वय ३४. जिनिंगमध्ये ७ ते ३ ची पाळी आहे. उठावं लागते साडेपाचला, पण रात्री बारा वाजल्याशिवाय डोळा लागत नाही. सुट्टीच्या दिवशी साडेबाराला झोपतो न् साडेआठला उठतो. बाबा चारला उठून वावरात असतात, मला आळशी म्हणतात. पोरगा १५ वर्षांचा, तोही माझ्यासारखाच. हे रक्तातूनच येते का? न् कामाची वेळ आपल्या हिशेबानं करून मागता येते का?"

भाऊ, रक्तातून येते, पण सगळे नाही. कामाची वेळ बदलून मागता येते आणि तुमच्या बाबतीत ती मागायला हवी. एका जिनिंग-प्रेसिंगमध्ये पाळ्या लावायचे काम मी बरीच वर्षे केले आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

पहिल्यांदा बाबांशी तुलना सोडा. माणूस साधारण विशीत सर्वांत उशिरा झोपणारा असतो आणि पुढे वयाबरोबर त्याची झोप हळूहळू अलीकडे सरकत जाते. तुमचे ३४ वय आणि त्यांचे साठीच्या पुढचे वय शेजारी ठेवले तर जो फरक दिसतो त्यातला बराचसा नुसता वयाचा आहे. घरी आईला विचारा, लग्न झाले तेव्हा बाबा किती वाजता उठायचे आणि त्यांना उठवावे लागायचे का. रक्ताचा अंदाज त्या उत्तरातून जास्त चांगला येईल. दुसरे म्हणजे बाबा दिवसभर उन्हात असतात आणि तुम्ही शेडमध्ये. हा फरक किती मोठा आहे ते पुढे सांगतो.

आता आनुवंशिकतेचे. जुळ्या भावंडांवरच्या अभ्यासांतून असे दिसते की लोकालोकांत लवकर-उशिराचा जो फरक असतो, त्यातला निम्म्यापर्यंतचा वाटा आनुवंशिक आहे. याचा अर्थ तुमच्या उशिरातला निम्मा उशीर बाबांकडून आला असा होत नाही. हा आकडा समूहातल्या फरकाचा आहे, एकट्या माणसाला तो लावता येत नाही. २०१९ मध्ये जवळपास सात लाख लोकांच्या जनुकांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात पहाटेच्या सवयीशी जोडलेल्या ३५१ जागा सापडल्या. म्हणजे 'घुबडाचे जनुक' असे एकच काही नसते, शेकडो ठिकाणांचा थोडाथोडा परिणाम मिळून माणूस घडतो. त्याच अभ्यासात काही लोकांच्या मनगटावर हालचाल मोजणारे यंत्र बांधले होते. पहाटेकडे झुकवणारे जनुक सर्वांत जास्त असलेले पाच टक्के लोक आणि सर्वांत कमी असलेले पाच टक्के लोक, यांच्या झोपेच्या वेळेत सरासरी फरक निघाला फक्त २५ मिनिटांचा. जुळ्यांच्या अभ्यासातला निम्मा वाटा यातून अजून पुरता उलगडलेला नाही, पण 'माझ्या रक्तातच आहे, आता काही होत नाही' असे म्हणायला हे आकडे पुरत नाहीत. अपवाद आहेत. अमेरिकेत काही कुटुंबे अशी सापडली की संध्याकाळी साडेसातच्या सुमारास झोपतात आणि पहाटे साडेचारला टक्क जागी होतात. त्यांतल्या एका कुटुंबात PER2 नावाच्या एकाच जनुकातला बदल २००१ मध्ये सापडला. अशी घरे फार थोडी.

मग तुम्ही नेमके किती उशिराचे? ते तुमच्याच आकड्यांवरून काढू. सुट्टीच्या दिवशी साडेबारा ते साडेआठ, म्हणजे आठ तास आणि झोपेचा मध्य साडेचारला. कामाच्या दिवशी बारा ते साडेपाच, म्हणजे साडेपाच तास आणि मध्य पावणेतीनला. दोन मध्यांत पावणेदोन तासांचे अंतर. तुमचे शरीर दर आठवड्याला तेवढे मागेपुढे ओढले जाते.

पण साडेचार हा तुमचा खरा मध्य नव्हे. सुट्टीच्या दिवशी तुम्ही आठवड्याची थकबाकी फेडत असता, म्हणून सकाळ लांबते. सहा दिवस साडेपाच तास आणि एक दिवस आठ तास, म्हणजे आठवड्याची सरासरी पडते सुमारे पाच तास एक्कावन्न मिनिटे. सुट्टीची झोप त्यापेक्षा दोन तास नऊ मिनिटांनी जास्त. त्याचे अर्धे, म्हणजे एक तास पाच मिनिटे, साडेचारातून वजा करा. उरतात ३ वाजून २५ मिनिटे. झोपेच्या वेळांचा अभ्यास करणाऱ्या म्युनिकच्या रोनेबर्ग यांच्या गटाची ही रीत आहे आणि जगभर वापरली जाते. त्यांच्या जर्मनीतल्या मोठ्या पाहणीत सरासरी मध्य चारच्या पुढेच निघतो. त्यात आणखी एक गोष्ट धरा. आपले घड्याळ साडेब्याऐंशी रेखांशाचे आहे आणि यवतमाळ अठ्ठ्याहत्तरच्या आसपास. आपल्याकडे सूर्य घड्याळाच्या १७-१८ मिनिटे मागे चालतो. सूर्याच्या हिशेबाने तुमचा मध्य ३ वाजून ७-८ मिनिटांवर येतो.

म्हणजे तुम्ही मधल्या गटातले आहात, घुबड नाहीच. घरात आणि गावात सगळे चार-पाचला उठणारे, म्हणून तुम्ही उशिराचे दिसता. सात तास झोप धरली तर तुमची नैसर्गिक वेळ रात्री बाराच्या जरा आधीपासून सकाळी सातच्या जरा आधीपर्यंत. साडेपाचचा गजर त्यातला शेवटचा जवळपास दीड तास रोज कापतो.

हा दीड तास भरून काढायचे दोन रस्ते आहेत, आणि दोन्ही थोडेथोडे चालावे लागतील.

पहिला उजेडाचा. २०१३ मध्ये कोलोरॅडोत आठ जणांना आठवडाभर रानात तंबूत ठेवले. दिवसा ऊन, रात्री फक्त शेकोटी, मोबाइल-बॅटरी काही नाही. रात्र झाल्याचा निरोप शरीराला देणारे मेलाटोनिन त्यांच्यात जवळपास दोन तास लवकर वाढू लागले, आणि उशिराच्या लोकांची वेळ लवकरच्या लोकांच्या जवळ आली. तुमचे बाबा अशाच उजेडात जगतात. तुम्ही पाळी सुटल्यावर तीनला बाहेर पडता, सकाळचे ऊन तुम्हाला मिळतच नाही, आणि रात्री अकरापर्यंत ट्यूबलाइट आणि मोबाइल. म्हणून जेवणाच्या सुट्टीत शेडमध्ये न बसता बाहेर बसा, सुट्टीच्या दिवशी सातला उठून थेट वावरात जा, आणि रात्री नऊनंतर मोठा दिवा बंद. याने अर्धा-पाऊण तास अलीकडे येणे शक्य आहे. येते आहे हे कशावरून ओळखायचे? गजराच्या आधी पाच-दहा मिनिटे आपोआप जाग यायला लागली की समजा.

दुसरा रस्ता पाळीचा. जर्मनीतल्या एका पोलाद कारखान्यात हा प्रयोग झाला, २०१५ मध्ये प्रसिद्ध झाला. लवकरच्या लोकांना रात्रपाळी द्यायची नाही आणि उशिराच्या लोकांना सकाळची पाळी द्यायची नाही, एवढाच बदल. कामाच्या दिवसांतली झोप वाढली आणि वर काढले तसले दोन मध्यांतले अंतर सुमारे तासाभराने कमी झाले. फायदा लवकरच्या लोकांना जास्त झाला. उशिराच्या लोकांच्या वाट्याला रात्रपाळ्या जास्त आल्या, आणि रात्रपाळी कोणालाच मानवत नाही. म्हणून 'मी जागूच शकतो' म्हणून ११ ते ७ मागू नका. तुम्हाला ३ ते ११ मागायची आहे. रात्री पाऊणला झोपलात तरी पावणेआठपर्यंत पूर्ण झोप होते आणि सकाळचे ऊनही मिळते.

मागायची कशी ते सांगतो. जिनिंगमध्ये दुसरी पाळी नको असलेला माणूस नेहमी सापडतो, कारण पहिल्या पाळीनंतर घरचे वावर बघता येते. दुसऱ्या पाळीत असलेला पण लवकर उठणारा असा गडी आधी शोधा आणि दोघे मिळून सुपरवायझरकडे जा. एकटे गेलात तर ती सवलत वाटते, दोघे गेलात तर त्याचे काहीच बिघडत नाही. अदलाबदल हजेरीपटावर चढवून घ्या. तोंडी बदल ठेवला आणि अपघात झाला तर त्या वेळी तुम्ही कामावर होतात हे सिद्ध करायला त्रास जातो. अपघाताचे मी उगाच म्हणत नाही. शरीराचे तापमान नेहमीच्या उठण्याच्या वेळेआधी साधारण दोन तास सर्वांत खाली असते आणि पेंग तिथेच दाटते. सकाळच्या माणसाची मान रात्रपाळीत दोन-अडीचलाच पडते, उशिराच्या माणसाची पाचच्या पुढे. डबल रोलर जिनवर अडकलेला कापूस हाताने ओढायची सवय असलेला माणूस त्या अर्ध्या तासात यंत्रासमोर असू नये. पाळी लावताना मी हे बघायचो, प्रत्येक सुपरवायझरने बघावे असे मला मनापासून वाटते.

घरच्या ओलिताचेही तसेच करा. हरभऱ्याला पाणी द्यायचे आणि आठवडाभर थ्री-फेज रात्रीची, अशी पाळी आली की एकच माणूस रात्रभर वावरात बसतो. समजा लाइट रात्री दहा ते सकाळी सहा आहे. तुषारचे पाइप उचलून पुढच्या पट्ट्यात टाकावेच लागतात. तुम्ही दहाला मोटार सुरू करून दोनच्या सुमारास पाइप हलवा आणि घरी या, पुढचे बाबा चारला जाऊन बघतील. ज्या आठवड्यात तुम्ही ३ ते ११ ला असाल, त्यात सुरुवातीचे तास दुसऱ्या कोणी धरावेत. दिवसाची लाइट देणारा सौर पंप मिळाला तर ही वाटणी लागणारच नाही, अर्ज केला नसेल तर करा. मे महिन्यात मात्र कोणाचीच आवड चालत नाही. चव्वेचाळीस-पंचेचाळीस डिग्रीत दहाच्या आत काम उरकावेच लागते. तेव्हा दुपारी तास-दीड तास झोप हाच उपाय.

पोराला आळशी म्हणू नका. पंधराव्या वर्षी त्याची झोप उशिराकडे सरकतच आहे, विशीपर्यंत आणखी सरकेल. राज्य सरकारने २०२४ मध्ये चौथीपर्यंतच्या शाळा नऊच्या आत भरवू नयेत असे ठरवले. चांगले केले, पण लहान मुले तशीही लवकर उठतात, गरज जास्त आठवी ते बारावीच्या मुलांना आहे. उन्हाळ्यात आपल्याकडे सकाळची शाळा ठेवावीच लागते, पण पावसाळ्या-हिवाळ्यात सातची ट्यूशन लावायचे कारण नाही. त्याची संध्याकाळची लावा.

वर काढलेला ३:२५ हा एका सुट्टीच्या दिवसावरचा अंदाज आहे, तो कच्चा समजा. उन्हाळ्यात हंगाम संपून जिनिंग बंद झाले की पहिला आठवडा थकबाकी फेडण्यात जाऊ द्या. त्यानंतर दोन आठवडे गजर न लावता झोपल्याची आणि उठल्याची वेळ वहीत लिहा, लग्न-वराती आणि जागलीच्या रात्री सोडून. त्याचा मध्य इथे टाका. पुढच्या हंगामाच्या पाळ्या लागतील त्याआधी सुपरवायझरशी काय बोलायचे ते त्यावरून ठरवू.