‘परीक्षा झाल्यावर बघू’ म्हणालेली वर्षा

“मी २३ वर्षांची आहे, नांदेडला एका ऑफिसात काम करते. माझ्याच टेबलाशेजारच्या एकाने व्हॉट्सअॅपवर विचारलंय, ‘रविवारी कॉफीला येशील का? फक्त आपण दोघं.’ माणूस चांगला आहे, कधी वाकडं वागला नाही. पण मला त्याच्याबद्दल तसं काही वाटत नाही. रोज समोरासमोर बसायचंय. त्याचं मन न दुखवता आणि खोटं न बोलता नाही कसं म्हणू? दोन दिवस झाले, निळ्या खुणा त्याला दिसतायत, मी उत्तर दिलेलं नाही.”

आधी एक गोष्ट सांगते. त्याला वाईट वाटणारच, ते तुझ्या हातात नाही. वाईट वाटणं वेगळं आणि अपमान होणं वेगळं, फसल्यासारखं वाटणं तर त्याहून वेगळं. ही शेवटची दोन तुला टाळता येतात. ती कशी, हे मी लातूरमधल्या एका मुलीकडून शिकले. तिच्या परवानगीने लिहितेय, नाव आणि ओळखीचे तपशील बदललेत. तिला वर्षा म्हणू.

वर्षा २४ वर्षांची. गाव अहमदपूरच्या बाजूला, लातूरला खोली करून स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करायची. त्याच अभ्यासिकेत अमोल होता. तिच्यासाठी जागा धरून ठेवायचा, नोट्सच्या झेरॉक्स काढून द्यायचा. गावाकडून दर रविवारी एसटीने तिचा डबा यायचा, तोही स्टँडवरून तोच आणायचा. जून महिन्यात एकदा चहाच्या टपरीवर त्यानं विचारलं, “वर्षा, तू मला आवडतेस. तुला काय वाटतं?” ती गांगरली आणि म्हणाली, “परीक्षा झाल्यावर बघू.”

आपली भाषाच अशी आहे. घरातून निघतानाही आपण ‘जाते’ म्हणत नाही, ‘येते’ म्हणतो. दुकानदाराला, पाहुण्याला, लग्नाच्या आमंत्रणाला ‘बघू की’ म्हणून दार किलकिलं ठेवायची आपल्याला सवय असते, आणि त्या ‘बघू’चा अर्थ नाही असा आहे हे दोन्हीकडच्यांना कळतं. पण प्रेमात पडलेल्या माणसाला तो कळत नाही. अमोलला ‘बघू’ ऐकू आलंच नाही, त्याला फक्त ‘परीक्षा झाल्यावर’ एवढंच ऐकू आलं.

ऑगस्टमध्ये मैत्रिणींनी तिला तोडगा सुचवला की राखी बांधून टाक, विषय संपेल. तिनं राखी विकतही आणली आणि मग ती दप्तरातच राहू दिली. बरं झालं. हा उपाय आपल्याकडे सर्रास सांगितला जातो, आणि मला तो फार क्रूर वाटतो. ज्यानं धीर करून मनातलं सांगितलं, त्याच्या मनगटाला चारचौघांत दोरा बांधून त्याला भाऊ करायचं म्हणजे त्याचा प्रश्न ऐकूच आला नाही असं दाखवायचं. त्याला उत्तर तर मिळत नाहीच, वर लाजही वाटते. त्याचा मेसेज मैत्रिणींच्या ग्रुपवर टाकून “बघा याची हिंमत” म्हणणंही याच जातीचं.

परीक्षा झाली. अमोलनं पुन्हा विचारलं. वर्षा म्हणाली, “माझ्या घरचे ऐकणार नाहीत.” हेही खोटंच होतं, कारण तिनं घरी काही विचारलेलंच नव्हतं. दिवाळीत अमोलचे मावसे बायोडाटा घेऊन तिच्या गावी, तिच्या वडिलांसमोर जाऊन बसले. वडिलांचा फोन आला, “काय चाललंय तिकडं? अभ्यास करायलीस का दुसरंच काही?” शिकणं बंद होईल की काय या भीतीनं ती माझ्याकडे आली. पहिलं वाक्य म्हणाली, “मॅडम, तो ऐकतच नाही हो.”

मी तिला विचारलं, “तू नाही कधी म्हणालीस?” ती बराच वेळ गप्प बसली.

अमोलनं काय केलं होतं? तिनं जी अडचण सांगितली ती त्यानं सोडवली. परीक्षेची अडचण होती, तो थांबला. घरच्यांची अडचण होती, त्यानं माणूस पाठवला. तुम्ही खोटं कारण देता तेव्हा समोरच्याच्या हातात एक काम देता, आणि ज्याला तुम्ही मनापासून हवे असता तो ते काम मन लावून करतो. म्हणून कारण सांगू नये, निर्णय सांगावा. ‘मला तसं वाटत नाही’ यावर कोणाला काही सोडवता येत नाही.

१९९३ साली मानसशास्त्रज्ञ रॉय बाउमायस्टर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एकतर्फी प्रेमाच्या अनुभवांचा अभ्यास केला होता. नकार देणाऱ्यांना अपराधी वाटत होतं आणि काय बोलावं हेच सुचत नव्हतं. नकार मिळालेल्यांना मात्र वाटत होतं की आपल्याला आशा दाखवली गेली आणि स्पष्ट नाही कधी सांगितलंच नाही. माझ्यासमोर बसलेली वर्षा आणि मी कधीही न भेटलेला अमोल, दोघंही मला त्या अभ्यासात दिसतात.

मी तिला कागद दिला आणि काय बोलशील ते लिही म्हटलं. तिनं लिहिलं: ‘तू खूप चांगला आहेस. तुला माझ्यापेक्षा चांगली मिळेल. सध्या मला करिअर करायचंय. आपण कायम चांगले मित्र राहू.’ मग मी अमोल झाले आणि एकेका वाक्याला उत्तर दिलं. “चांगला आहे तर मग हो म्हण.” “मला चांगली नको, तूच पाहिजेस.” “करिअर कर, मी थांबतो.” “मित्र तर आपण आहोतच, रविवारी डबा आणतो.” कागदावर एकही वाक्य शिल्लक राहिलं नाही. तिला हसू आलं आणि लगेच डोळ्यांत पाणीही आलं.

मैत्रीच्या वाक्यावर तिचा फार जीव होता. मी म्हटलं, मैत्री राहील, पण ती आज देऊ नकोस. नकाराच्या दिवशी दिलेली मैत्री त्याला वेटिंग लिस्टसारखी वाटते. दोन-चार महिन्यांनी तो स्वतःहून साधं बोलू लागला तर बघता येईल.

शेवटी जे उरलं ते असं होतं: “अमोल, तू जूनमध्ये विचारलंस तेव्हा मी बघू म्हणाले. परीक्षेचं आणि घरच्यांचं कारण खरं नव्हतं, ती माझी चूक झाली. मला तुझ्याबद्दल तसं वाटत नाही. माझं उत्तर नाही आहे, तू थांबू नकोस.” तू आधी काही खोटं बोललेली नाहीस, त्यामुळे तुला त्यातला माफीचा भाग लागणार नाही. वर्षाला तो लागत होता, आणि तो म्हणायला तिला सगळ्यात जड गेलं.

हे आम्ही खोलीत पाच-सहा वेळा बोलून पाहिलं. पहिल्या वेळी ती शेवटच्या शब्दाला हसली आणि तीनदा सॉरी म्हणाली. आपल्या मुलींना अवघड बोलताना हसायची सवय लावलेली असते, आणि त्या हसण्यानं नकार लाडिक ऐकू येतो. सॉरी एकदा पुरे, तेही जिथं खरंच चूक झाली असेल तिथं. आवाज चढवायचा नाही आणि ‘नाही’ हा शब्द मात्र खाली पडू द्यायचा नाही, एवढंच जमायला अर्धा तास लागला.

जागा आम्ही अशी निवडली की दिवसाउजेडी, आजूबाजूला माणसं असतील पण ऐकू जाणार नाही, आणि दोघांनाही लगेच निघता येईल. अभ्यासिकेबाहेर, संध्याकाळी पाच वाजता. त्याची त्या आठवड्यात टेस्ट नव्हती, हेही तिनं पाहिलं. मैत्रीण पलीकडे टपरीवर उभी होती.

तिनं बोलून टाकल्यावर त्यानं विचारलं, “माझ्यात काय कमी आहे?” या प्रश्नाला उत्तर द्यायला गेलं की फसलंच. उंची, पगार, बोलणं, काहीही सांगितलं तरी ते त्याला आयुष्यभर पुरतं, किंवा तो ते बदलून परत येतो. वर्षा म्हणाली, “तुझ्यात कमी शोधून मी ठरवलेलं नाही. मला तसं वाटत नाही, एवढंच.” मग तो म्हणाला, “मग इतके दिवस डबा कशाला आणू दिलास?” हा वार खोलवर लागणारा होता, कारण त्यात थोडं तथ्य होतं. तयारी केली होती म्हणून ती कोसळली नाही. “ती मदत मी घेतली, त्याचे आभार मानते. पण मदतीच्या बदल्यात होकार देता येत नाही. यापुढं डबा मीच आणीन.” तो काही न बोलता गेला. सगळं मिळून चार-पाच मिनिटं लागली असतील.

त्यानं जागा बदलली. दहा-बारा दिवसांनी रात्री मेसेज आला, ‘एकदा शेवटचं बोलू.’ तिनं एकच उत्तर दिलं: ‘जे सांगितलं तेच आहे. या विषयावर पुन्हा बोलायचं नाही.’ पुढचे तीन मेसेज तिनं बिनउत्तराचे सोडले. इथं अनेकजणी चुकतात. चार मेसेज सोडून पाचव्याला कळवळून उत्तर दिलं, की पाच मेसेज केले तर उत्तर मिळतं हेच समोरचा शिकतो. कधीमधी मिळणारं उत्तर माणसाला रोज मिळणाऱ्या उत्तरापेक्षा जास्त चिवटपणे धरून ठेवतं. उत्तर थांबल्यावर सुरुवातीला मेसेज थोडे वाढतात आणि मग ओसरतात. अमोलचे ओसरले. वडिलांनाही तिनं स्वतः सांगितलं की मुलानं विचारलं होतं, मी नाही म्हटलंय. ते एवढंच म्हणाले, “मग आधी सांगायचं ना.”

ओसरले नाहीत तर ती वेगळी गोष्ट. स्पष्ट नाही म्हटल्यावरही कोणी वारंवार पाठलाग करत असेल, संपर्क साधत असेल, तर भारतीय न्याय संहितेच्या कलम ७८ खाली तो गुन्हा आहे, आणि तिथंही बाईनं आपल्याला रस नसल्याचं स्पष्ट दाखवलंय का, हे पाहिलं जातं. म्हणून लेखी नकार जपून ठेवावा. भीती वाटत असेल तर ११२ आहे, महिलांसाठी १८१ आहे. ज्याची भीती वाटते त्याच्याशी खरं बोलायचं बंधन तुझ्यावर नाही. तिथून सुटायला कुठलंही कारण सांग आणि आधी सुरक्षित जागी पोच. विचारणारा तुझा साहेब असेल तर ऑफिसच्या अंतर्गत तक्रार समितीचा रस्ताही मोकळा आहे.

तुझा सहकारी तसा वाटत नाही. त्यानं व्हॉट्सअॅपवर विचारलंय, तर तिथंच उत्तर दे, समोर बोलावून बसवू नकोस. आपला चेहरा सावरायला त्याला एकांत मिळू दे. आज ऑफिस सुटल्यावर पाठव, म्हणजे त्याच्या हातात एक रात्र राहील: ‘उत्तर द्यायला दोन दिवस लावले, त्याबद्दल सॉरी. तू सरळ विचारलंस ते मला आवडलं. पण मला तुझ्याबद्दल तसं वाटत नाही, म्हणून मी येणार नाही.’ ‘या रविवारी’ असं त्यात घालू नकोस, नाहीतर पुढचा रविवार येईल. उद्या सकाळी टेबलापाशी नेहमीसारखं ‘गुड मॉर्निंग’ म्हण, कामाचं बोल. तो आठ-पंधरा दिवस तुटक वागला तर वागू दे, त्याची समजूत काढायला जाऊ नकोस. आणि त्याचा मेसेज ऑफिसात कोणालाही दाखवू नकोस.