दार उघड

प्रिय,

तुझी कथा दोनदा वाचली. निकालाच्या आदल्या रात्रीचा हॉस्टेलचा ग्रुप, आणि सगळं फक्त मेसेजमधून. ही चौकट मला मनापासून आवडली. अडतं कुठे, ते सांगतो.

सुरुवातीलाच पव्या लिहितो, ‘तुम्हाला माहितीच आहे, माझा एम-थ्री राहिलाय, या वेळी सुटला नाही तर वायडी.’ या विषयात नापास म्हणजे वर्ष वाया, हे दोन वर्षं एका मजल्यावर राहणाऱ्या पोरांना कोण सांगतं? ते वाचकासाठी घातलंय, हे लगेच कळतं. त्याऐवजी सुम्या म्हणू दे, ‘सीट नंबर टाका रे, साइट उघडली की सगळ्यांचे बघतो.’ धडाधड नंबर येतील. पव्याचाही येईल आणि मिनिटभरात तिथे मेसेज डिलीट केल्याची ओळ तेवढी उरेल. त्याची भीती त्या ओळीत आली. विषयाचं नाव पुढे कुणाच्या तरी चिडवण्यातून येऊ दे.

मग ठरव, आपण हा ग्रुप कुणाच्या फोनवर वाचतोय? पव्याने मेसेज वाचला हे तू वाचकाला सांगतेस, पण ग्रुपमध्ये कुणी वाचलं ते फक्त पाठवणाऱ्यालाच दिसतं. म्हणून फोन सुम्याचा ठेव. तो आपलाच मेसेज दाबून धरून बघेल आणि मग विचारेल.

आता खरी अडचण. रात्री दोननंतर तुझी पोरं पव्याला तीस मेसेज लिहून धीर देतात. हॉस्टेलमध्ये असं होत नाही गं. भिंतीपलीकडचा मित्र गप्प झाला की पोरं टाइप करत बसत नाहीत, उठून जातात. म्हणजे सगळ्यात मोठा प्रसंग घडतो तेव्हा ग्रुप शांत असतो, आणि ती शांतता तुला फक्त वेळेच्या आकड्यांतून दाखवता येते. असं करून बघ:

१:५२ सुम्या: पव्या
१:५२ सुम्या: वाचलंयस ना
१:५८ अण्णा: लाइट चालूय त्याच्या रूमची
२:०३ सुम्या: दार उघड
३:१७ अण्णा: मॅगी आहे का कुणाकडे
३:१८ पव्या: दोन आहेत. किटली आण, रेक्टर झोपलाय

२:०३ ते ३:१७ या वेळात काय बोलणं झालं, ते कुठेही लिहू नकोस. पव्या पुन्हा ग्रुपवर बोलला आणि तेही मॅगीबद्दल, यातून वाचक ती सव्वा तासाची खोली स्वतः उभी करेल. एकच सांभाळ: त्याआधीच्या मेसेजांमध्ये अंतर दोन-पाच मिनिटांचंच ठेव. सगळीकडे खिंडारं पडली, तर हे एक दिसणार नाही.

सकाळी साइट उघडल्यावरचे शेवटचे दहा मेसेज काढून टाक. पव्याने सीट नंबर परत टाकला, तिथेच थांब. नवा खर्डा गुरुवारपर्यंत पाठव, मी वाट बघतोय.

तुझा,
सर