मुलीला पत्रात काय लिहू?

"मुलगी 14 वर्षांची आहे. मावसबहिणीच्या लग्नातल्या सेल्फ्या पाहून 'माझं नाक जाड आहे' हेच धरून बसलीये. फिल्टरशिवाय फोटो काढू देत नाही. बोललं की चिडते, म्हणून पत्र लिहायचं ठरवलंय. काय लिहू? – इंदूर"

ताई, 'तू सुंदरच आहेस' या वाक्याने सुरुवात करू नका. आई असंच म्हणणार, असं समजून ती पुढचं वाचणार नाही. तिची तक्रार नाकाची आहे, तर पत्रही नाकापासूनच सुरू करा. असं काहीसं:

"बेटा, हातभर अंतरावरून सेल्फी काढताना नाक कॅमेऱ्याच्या सर्वांत जवळ असतं आणि कान मागे राहतात. जवळचं मोठं दिसतं, लांबचं लहान. 2018 मध्ये अमेरिकेतल्या डॉक्टरांनी याचा हिशेब मांडला. 12 इंचांवरून काढलेल्या फोटोत चेहऱ्याच्या मानाने नाक 5 फुटांवरच्या फोटोपेक्षा सुमारे 30 टक्के रुंद दिसतं. रविवारी करून बघू. खिडकीच्या उजेडात, मागच्या कॅमेऱ्याने, एक फोटो फूटभरावरून आणि एक 5 फुटांवरून काढू. मग दुसरा कापून दोन्ही चेहरे एकाच मापाचे करू."

कॅमेरा दोन्ही वेळा तिच्या डोळ्यांच्या उंचीवर धरा, नाहीतर कोनाचा फरक मिसळतो. सेटिंगमधला ब्यूटी मोडही आधी बंद करा. बऱ्याच फोनमध्ये तो आपोआप चालू असतो आणि न सांगता त्वचा गुळगुळीत करतो.

मग फिल्टरबद्दल लिहा. तो चेहऱ्यावरचे बिंदू ओळखून त्यांवर जाळी बसवतो आणि ती ओढतो: जबडा आत, डोळे मोठे, नाक बारीक. म्हणून खुणा कडेला सापडतात. गालामागची दाराची चौकट वाकलेली दिसते, हात चेहऱ्यावरून गेला की नाक क्षणभर जागा सोडतं, केस स्पष्ट असतात पण त्वचेवर एकही छिद्र नसतं. चांगल्या फिल्टरमध्ये मात्र यातलं काहीच दिसत नाही, हेही तिला खरं सांगा. खूण सापडली नाही म्हणजे चेहरा खरा, असं तिने धरू नये.

एवढं कळलं तरी तुलना थांबेलच असं नाही. 'फोटोत बदल केला आहे' अशी सूचना लिहूनही पाहणाऱ्यांना फारसा फरक पडत नाही, असं अभ्यासांत पुन्हा पुन्हा दिसलं आहे. पाहणंच कमी व्हायला हवं. म्हणून पत्रात एकच मागणी ठेवा: जी खाती पाहून झाल्यावर ती आरशाकडे धावते, ती तिने स्वतः निवडून म्यूट करावीत. फोन तुम्ही हातात घेऊ नका, नाहीतर ते पत्र शिक्षा वाटेल.

मात्र ती रोज तासन्‌तास नाकच न्याहाळत असेल, तोंड झाकून वावरत असेल, शाळा किंवा जेवण टाळू लागली असेल, तर पत्राच्या भरवशावर थांबू नका. मानसोपचारतज्ज्ञांना दाखवा, किंवा टेली-मानसच्या 14416 या मोफत क्रमांकावर आधी तुम्हीच बोला.