एकच मोबाईल नंबर सगळीकडे जोडलेला असेल तर काय करावं?

प्रश्न: माझा एकच नंबर बँक, आधार, जीमेल, व्हॉट्सअ‍ॅप सगळीकडे दिलेला आहे. उद्या फोन चोरीला गेला किंवा सिम बंद पडलं तर सगळंच अडकेल का? दुसरा नंबर घेऊन ठेवू का?

उत्तर:

अडकेल, पण सगळं सारखंच नाही. मी एका नागरी सहकारी बँकेत डिजिटल सेवेच्या टेबलावर बसते, आणि फोन गेलेली माणसं आठवड्यातून दोन-चार तरी समोर येतात. त्यांच्याकडे बघून मी खात्यांचे दोन ढीग करते. एका ढिगात मागे माणूस बसलेला काउंटर असतो, दुसऱ्यात नसतो. बँक, आधार आणि सिमकार्ड पहिल्या ढिगातले. तिथे तुम्ही स्वतः जाऊन सही, कागद किंवा अंगठा देऊन ‘मी तोच’ हे सिद्ध करू शकता. त्रास होतो, पण मार्ग असतो. जीमेल, व्हॉट्सअ‍ॅप, इन्स्टाग्राम दुसऱ्या ढिगातले. तिथे कोणाकडे अर्ज घेऊन जाणार? तुम्ही आधी जी सोय करून ठेवली असेल तेवढीच तुमची. त्यामुळे दुसऱ्या नंबरापेक्षा या दुसऱ्या ढिगाकडे आधी लक्ष द्या.

आमच्याकडे आलेल्या एका बाईंचं उदाहरण सांगते. निवृत्त शिक्षिका, शनिवारी संध्याकाळी एसटी स्टँडवर गर्दीत पर्समधून फोन गेला. शेजारणीच्या फोनवरून त्यांनी आधी सिम बंद करायला लावलं, मग बँकेच्या हेल्पलाइनला फोन केला. हा क्रम अगदी बरोबर होता, कारण चोराला तुमच्या फोनचा पासवर्ड लागतच नाही. तो सिम काढून आपल्या फोनमध्ये टाकतो आणि ओटीपी तिथे येऊ लागतात. कोणाच्या फोनमधून पैसे गेलेले असतील तर त्याच वेळी सायबर फसवणुकीच्या १९३० या हेल्पलाइनलाही कळवायचं.

सोमवारी बाई मोबाईल कंपनीच्या गॅलरीत डुप्लिकेट सिम घ्यायला गेल्या आणि तिथे घोडं अडलं. सिम यजमानांच्या नावावर होतं आणि यजमान तीन वर्षांपूर्वी वारले होते. कंपनीने मृत्यूचा दाखला, मुलांची संमतीपत्रं आणि नव्याने केवायसी मागितली. नियमाने ते बरोबरच होतं. एक मुलगा बाहेरगावी, त्यामुळे कागद जमायला वेळ लागला.

तोवर त्यांनी स्वतःच्या नावावर नवीन सिम घेतलं आणि त्या आमच्याकडे आल्या. पासबुक, पॅन, आधारकार्ड, अर्जावरची सही जुळली; खात्याचा नंबर बदलून दिला. आधार केंद्रात बोटांचे ठसे देऊन तिथलाही नंबर बदलून घेतला. त्याला जुन्या नंबरावर ओटीपी लागत नाही. म्हणजे पहिल्या ढिगातलं सगळं सुटलं.

जीमेल मात्र गेलं ते गेलंच. पासवर्ड त्यांना माहीतच नव्हता, कारण फोन मुलीने लावून दिला होता आणि त्यानंतर तो टाकायची वेळच आली नव्हती. रिकव्हरी म्हणून, म्हणजे अडकलेलं खातं परत मिळवायला, दिलेला नंबर तोच, दुसरा ईमेल दिलेलाच नाही, आणि दुसऱ्या कुठल्याही कॉम्प्युटरवर ते खातं कधी उघडलेलं नव्हतं. गूगल अशा वेळी नेहमीचं यंत्र आणि नेहमीची जागा यांवरही भरवसा ठेवतं. घरच्या लॅपटॉपवर खातं आधी उघडलेलं असतं तर त्यावरून प्रयत्न करायला काहीतरी हाती असतं. नातवंडांचे फोटो आणि सगळ्यांचे नंबर त्याच खात्यात होते.

आता तुमच्यासाठी. पहिलं काम आजच करा: तुमचं सिम कोणाच्या नावावर आहे ते कंपनीच्या अ‍ॅपमध्ये प्रोफाइलवर बघा. वडिलांच्या, जुन्या कंपनीच्या किंवा दुकानदाराने कोणाच्या तरी कागदावर काढून दिलेलं निघालं, तर ते आधी आपल्या नावावर करून घ्या. sancharsaathi.gov.in वर तुमच्या नावावर किती कनेक्शन आहेत हेही दिसतं. अनोळखी नंबर दिसला तर तिथूनच तक्रार करता येते.

दुसरं, सिमला पिन लावा. सेटिंग्जमध्ये ‘सिम लॉक’ म्हणून शोधा. चार आकड्यांचा हा पिन लावला की सिम दुसऱ्या फोनमध्ये टाकल्यावर पिन दिल्याशिवाय चालू होत नाही. सुरुवातीचा पिन कंपनीनुसार वेगळा असतो, तो कस्टमर केअरला विचारून घ्या, अंदाजाने टाकू नका. तीनदा चुकला की सिम पीयूके, म्हणजे अडकलेलं सिम उघडायचा कंपनीकडचा कोड, मागतं, आणि पीयूके दहादा चुकला तर सिम कायमचं बाद होतं. ई-सिम असेल तर ते काढताच येत नाही, पण पिन त्यालाही लावता येतो.

तिसरं आणि सगळ्यात मोठं काम जीमेलचं, कारण बाकी बहुतेक ठिकाणच्या ‘पासवर्ड विसरलात?’ चं उत्तर याच पेटीत येतं. myaccount.google.com वर Security मध्ये जा. तिथे 2-Step Verification, म्हणजे पासवर्डनंतरची दुसरी खात्री, चालू केलं की Backup codes मिळतात: दहा कोड, प्रत्येकी आठ आकडे, प्रत्येक एकदाच चालतो. ते कागदावर छापून घरी ठेवा. फोनमध्ये फोटो काढून ठेवण्याला काही अर्थ नाही, फोन गेला की तेही गेले. नवीन कोड काढले की जुना संच बाद होतो, म्हणून जुना कागद फाडून टाका. एक गोष्ट लोक विसरतात: हे कोड फक्त दुसऱ्या पायरीचे आहेत, पासवर्ड तरीही लागतोच. म्हणून पासवर्डही त्याच कागदाच्या जवळ नको, पण घरात कुठेतरी वहीत लिहिलेला असू द्या. वहीत पासवर्ड लिहू नये असं सांगणारे भेटतील. माझ्या टेबलावर घरफोडीत वही गेल्यामुळे आलेला माणूस मला आठवत नाही, पासवर्ड न आठवणारे मात्र रोज येतात.

रिकव्हरी ईमेल देताना थोडा विचार करा. स्वतःचाच दुसरा ईमेल दिला आणि त्याची रिकव्हरीही याच नंबरावर ठेवली, तर चक्कर मारून पुन्हा त्याच दारात येता. बायकोचा, भावाचा, मुलाचा ईमेल द्या आणि त्यांच्या खात्याला तुमचा नंबर रिकव्हरीसाठी नसू द्या. लॉगिनचे कोड फोनवरच तयार करणाऱ्या ऑथेंटिकेटर अ‍ॅपचंही तसंच. त्यातले कोड गूगल खात्यात साठवता येतात, हे सोयीचं आहे, पण ज्या खात्याबाहेर तुम्ही अडकलात त्याच खात्यात किल्ली असली तर काय उपयोग? घरी पडलेल्या टॅबवर किंवा लॅपटॉपवर एक पासकी, म्हणजे पासवर्डऐवजी त्या यंत्राच्या लॉकने खातं उघडणारी किल्ली, करून ठेवली तर त्याहून बरं. हे झाल्यावर दुसऱ्या पायरीतून एसएमएस काढून टाकला तरी चालतो, रिकव्हरीसाठी नंबर राहू द्या.

व्हॉट्सअ‍ॅपवर ‘टू-स्टेप व्हेरिफिकेशन’ मध्ये सहा आकडी पिन लावा आणि तिथे ईमेलही द्या. ईमेल न देता पिन विसरलात तर सात दिवस थांबावं लागतं.

हे सगळं केल्यावर तपासून बघा. सुट्टीच्या दिवशी फोन बंद करून बाजूला ठेवा आणि घरच्या लॅपटॉपवर खासगी विंडोमध्ये जीमेल उघडायचा प्रयत्न करा, फक्त वही आणि कागद घेऊन. त्यात एक कोड खर्च होईल, होऊ द्या. उघडलं नाही तर कुठे अडलं ते नीट कळेल.

डुप्लिकेट सिम वेळेवर मिळालं तरी एक दिवस धरून चाला. सिम बदललं की पहिले २४ तास त्यावर एसएमएस येत-जात नाहीत. सिम स्वॅपची, म्हणजे तुमच्या नंबराचं सिम दुसऱ्यानेच काढून घेण्याची, फसवणूक रोखायला दूरसंचार विभागाने ही सक्ती केली आहे. त्याच कारणाने १ जुलै २०२४ पासून सिम बदलल्यावर सात दिवस नंबर पोर्टही करता येत नाही. हे नियम तुमच्याच फायद्याचे आहेत, पण ज्या दिवशी ओटीपीची सगळ्यात गरज असते त्याच दिवशी तो येत नाही. म्हणून नेमक्या त्या २४ तासांसाठी एटीएम कार्ड आणि थोडी रोकड फोनच्या कव्हरमध्ये नाही, वेगळी ठेवा. आणि उलट बाजूने: तुमचं नेटवर्क अचानक गेलं, पण शेजारी त्याच कंपनीच्या फोनला रेंज आहे, असं दिसलं तर रीस्टार्ट करत बसू नका. दुसऱ्या फोनवरून लगेच कंपनीला विचारा, सिम कोणी बदललं का.

आता दुसऱ्या नंबराबद्दल. घ्यायला हरकत नाही, पण तो त्याच फोनच्या दुसऱ्या स्लॉटमध्ये टाकलात तर चोराने दोन्ही नेले. वेगळ्या कंपनीचा घ्या, स्वतःच्या नावावर, आणि घरी जुन्या हँडसेटमध्ये ठेवा. बँक आणि आधारला हा द्या. दुकानातल्या बिलावर, पार्सलवर आणि सोसायटीच्या गेटवरच्या वहीत जुनाच चालू द्या. ऑनलाइन पैसे पाठवायला मात्र यूपीआय अ‍ॅप त्याच सिमच्या फोनवर लागेल, कारण नोंदणीवेळी अ‍ॅप त्या सिमवरून मेसेज पाठवून खात्री करतं. तुम्ही रोज यूपीआय वापरत असाल तर मग उलट करा: बँकेचा नंबर हातातला ठेवा, आणि घरचा नंबर फक्त जीमेलच्या रिकव्हरीला द्या. आमच्याकडचे बहुतेक ग्राहक शेवटी हेच करतात आणि मला तेच व्यवहार्य वाटतं.

पण घरातला नंबर रिचार्ज न करता पडून राहिला तर तो उपायाऐवजी नवीन भानगड होतो. प्लॅन संपल्यावर काही दिवसांत इनकमिंग बंद होतं, म्हणजे नंबर अजून तुमचाच असतो पण ओटीपी येत नाही. ९० दिवस काहीच वापर नसेल तर कंपनी तो बंद करू शकते. प्रीपेडमध्ये किमान २० रुपये शिल्लक असेल तर तेवढे कापून आणखी ३० दिवस ठेवण्याचा ट्रायचा नियम आहे. बंद झालेला नंबर पुढचे किमान ९० दिवस कोणाला देत नाहीत, मग मात्र तो दुसऱ्या माणसाच्या हाती जातो, आणि त्याला तुमचे मेसेज येऊ लागतात. परदेशात शिकायला किंवा नोकरीला गेलेल्या मुलांचं हे हमखास होतं: इथलं सिम ड्रॉवरमध्ये, रिचार्ज कोणी केलाच नाही, आणि सहा-आठ महिन्यांनी इथल्या खात्यात लॉगिन करायला ओटीपी हवा. नंबर सोडणार असाल तर सोडण्याआधी बँक, आधार, जीमेल आणि व्हॉट्सअ‍ॅपचं ‘चेंज नंबर’ एवढं उरकून घ्या, जुना नंबर चालू असताना ते सोपं जातं.